यंत्राने केलेली मराठी उत्पादन-शीर्षके कशी तपासावीत

ऑनलाइन दुकानातले उत्पादनाचे शीर्षक हे वाक्य नसते. त्यात क्रियापद नसते, विभक्ती नसते, एकापुढे एक ओवलेली नामे आणि विशेषणे असतात. इंग्रजी वाचणारा माणूस त्या माळेतली मुख्य वस्तू कोणती हे सवयीने ओळखतो. भाषांतर करणारे यंत्र प्रामुख्याने वाक्यांवर शिकलेले असते. वाक्यात शेजारचे शब्द अर्थ लावायला मदत करतात, शीर्षकात ती मदत मिळत नाही. म्हणून जे यंत्र परिच्छेद बरा उतरवते तेच यंत्र ‘स्टील ग्लास’चे ‘स्टील काच’ करून ठेवते. दिलासा एवढाच की या चुका ठरावीक ठिकाणीच होतात. त्या जागा माहीत असल्या की हजारो शीर्षकेही नेमकेपणाने तपासता येतात.

इथे उदाहरण घेतले आहे स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या आणि किराणा मालाच्या दुकानाचे. मूळ शीर्षके इंग्रजीत आहेत आणि दुकान मराठीतही उघडायचे आहे. या वर्गात घरगुती शब्द सर्वांत जास्त येतात, म्हणून चुकाही सर्वांत जास्त दिसतात.

तपासणीचा तक्ता

नुसते मूळ शीर्षक आणि त्याचे भाषांतर शेजारी ठेवून तपासणी होत नाही. तक्त्यात निदान एवढे रकाने हवेत: दुकानाने प्रत्येक वस्तूला दिलेला एसकेयू क्रमांक, मूळ शीर्षक, यंत्राचे शीर्षक, विक्रेत्याने वेगळे भरलेले साहित्य, रंग, माप आणि नगसंख्या, वस्तूचे छायाचित्र, सुधारलेले शीर्षक, आणि शेवटी चुकीचा प्रकार. छायाचित्र ऐच्छिक समजू नका. इंग्रजी शीर्षकातला ‘ग्लास’ काचेचा आहे की प्यायचा, ‘कव्हर’ म्हणजे झाकण की कापडी आवरण, हे बहुतेक वेळा छायाचित्र पाहूनच कळते.

मग तक्ता उत्पादनाच्या प्रकारानुसार लावा. ज्या क्रमाने माल चढला त्या क्रमाने तपासू नका. चाळीस तवे एकापाठोपाठ समोर आले की एकाच नजरेत दिसते की यंत्राने कुठे ‘तवा’, कुठे ‘पॅन’ आणि कुठे ‘ग्रिडल’ लिहिले आहे. तेच चाळीस तवे पाच हजार ओळींत विखुरलेले असतील, तर तिन्ही शब्द आपापल्या जागी बरे वाटतात आणि तसेच सुटतात.

आधी शब्द, मग शीर्षके

शीर्षके एकेक करून सुधारायला लगेच बसू नका. आधी मूळ शीर्षकांतून वस्तूंची नावे वेगळी काढा आणि कोणते नाव किती वेळा आले ते मोजा. पाच हजार शीर्षके असली तरी कुकर, कढई, डबा, किसणी अशी नावे त्यात बहुधा शे-दोनशेच निघतात. त्यांचे मराठी शब्द माणसाने ठरवायचे आणि ती यादी भाषांतर यंत्रणेला शब्दसूची म्हणून द्यायची. व्यावसायिक भाषांतर सेवांमध्ये ही सोय असते. नसेल तर भाषांतर झाल्यावर शोधा-बदला करूनही काम भागते, फक्त पूर्ण शब्दच बदलला जातो आहे ना, हे पाहावे लागते.

शब्द ठरवताना कसोटी एकच: भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक काउंटरवर काय मागते? ते ‘प्रेशर कुकर’ मागते, म्हणून तोच शब्द, ‘दाबपात्र’ नको. ‘नॉनस्टिक’ तसाच राहू द्या. पण ‘रोलिंग पिन’ला लाटणे हा जिवंत शब्द आहे, तिथे ‘रोलिंग पिन’ ठेवले तर कुणी शोधणारच नाही. कास्ट आयर्नला बीड म्हणतात. बिडाचा तवा आणि लोखंडी तवा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि यंत्र दोन्हींना ‘लोखंडी’ करून टाकू शकते. बीड हा शब्द तुमच्या गिऱ्हाइकाला नवा असेल अशी शंका असल्यास ‘बिडाचा तवा, कास्ट आयर्न’ असे दोन्ही शब्द द्या. जागेचा तो चांगला उपयोग आहे.

हिंदीतून आलेले शब्द वेगळे शोधावे लागतात. लिपी एकच असल्याने ते नजरेतून निसटतात. चम्मच, कटोरी, ढक्कन, छलनी, कद्दूकस, चकला-बेलन हे शब्द तक्त्यात शोधा. त्यांच्या जागी अनुक्रमे चमचा, वाटी, झाकण, चाळणी किंवा गाळणी, किसणी, पोळपाट-लाटणे असे हवेत. चाळणी की गाळणी, हे परत छायाचित्रच सांगेल: पीठ चाळायची ती चाळणी, चहा गाळायची ती गाळणी.

किराण्यात दुसरी गोष्ट घडते. यंत्र कधी नावाऐवजी वर्णन देते. बडीशेपेसाठी ‘एका जातीची बडीशेप’, ब्रोकन व्हीटसाठी ‘तुटलेला गहू’, फ्लॅटन्ड राइससाठी ‘चपटा तांदूळ’. इथे बडीशेप, दलिया, पोहे एवढेच हवे. मात्र ‘कोल्ड प्रेस्ड’ तेलाच्या बाबतीत उलट चूक संपादकाकडून होते. ‘थंड दाबलेले तेल’ वाचवत नाही, म्हणून तो ‘लाकडी घाण्याचे तेल’ करतो. कोल्ड प्रेस्ड तेल लाकडी घाण्यावरच काढलेले असते असे नाही. वेष्टनावर लाकडी घाणा लिहिलेला नसेल तर शीर्षकातही नको. सुंदर मराठीच्या ओढीने विक्रेत्याने न केलेला दावा आपण करून बसतो आणि तक्रार आली की त्याची जबाबदारी दुकानावर येते.

पहिली फेरी: वस्तुस्थिती

व्याकरणाला हात लावण्यापूर्वी एक पूर्ण फेरी फक्त वस्तुस्थितीसाठी करा. व्याकरणाची चूक वाचणाऱ्याला खटकते, वस्तुस्थितीची चूक त्याला चुकीची वस्तू विकते.

सर्वांत धोक्याची जागा म्हणजे रंग आणि धातू यांची गल्लत. ‘सिल्व्हर’ हा रंग असतो आणि चांदीही. ‘गोल्ड’ हा रंग असतो आणि सोनेही. यंत्र स्टीलच्या चमच्यांच्या संचाला सहज ‘चांदीचे चमचे’ करते. वाचायला हे शीर्षक निर्दोष असते, म्हणूनच ते सुटते. सगळ्या मराठी शीर्षकांत ‘चांदी’ आणि ‘सोने’ शोधून साहित्याच्या रकान्याशी ताडून पाहा. रंग असेल तर ‘चंदेरी’ आणि ‘सोनेरी’.

दुसरी जागा सुट्या भागांची. मूळ शीर्षक असे असते:

```
Gasket for 5 Litre Outer Lid Pressure Cooker, Pack of 2
```

यंत्र कधी ‘5 लिटर बाह्य झाकण प्रेशर कुकरसाठी गॅस्केट, 2 चा पॅक’ असे करते. अर्थ बरोबर आहे, पण मोबाइलवर शीर्षकाची सुरुवातच तेवढी दिसते आणि ती वाचून माणसाला वाटते की कुकर विकायला आहे. मराठीत विशेषणे नामाच्या आधी येतात, त्यामुळे मुख्य वस्तू आपोआप मागे ढकलली जाते. उपाय असा: वस्तू पुढे घ्या, बाकी स्वल्पविरामानंतर. ‘कुकरची रिंग (गॅस्केट), बाहेरच्या झाकणाच्या 5 लिटर कुकरसाठी, 2 नग’. रिंग, शिट्टी, मिक्सरचे भांडे, बाटलीचे बूच अशा सगळ्या सुट्या भागांना हाच साचा लावा. आणि एखाद्या कंपनीच्या कुकरला चालणारी रिंग दुसऱ्याच कोणी बनवली असेल, तर ‘त्या कुकरला बसणारी रिंग’ असे लिहा. ‘त्या कंपनीची रिंग’ लिहिले की अर्थ बदलतो.

तिसरी जागा कंपन्यांची नावे. भारतात पिजन आणि बटरफ्लाय या नावांनी भांडी विकली जातात. त्यांचे ‘कबूतर’ आणि ‘फुलपाखरू’ होणे टाळायचे तर नाव भाषांतराला पाठवण्याआधीच बंद करून टाकावे. मजकूर एचटीएमएल स्वरूपात पाठवत असाल तर असे:

```html
<span translate="no">Pigeon</span> Pressure Cooker 5 L
```

परत आल्यावर नाव जसेच्या तसे आहे का ते कंपनीच्या रकान्याशी ताडून पाहा. नाव रोमन लिपीत ठेवायचे की देवनागरीत हे दुकानाने एकदा ठरवावे आणि सगळीकडे तेच पाळावे.

आकडे मात्र डोळ्यांनी तपासू नका. थकलेल्या नजरेला 1.5 आणि 15 यांतला फरक दिसत नाही. मूळ आणि भाषांतर यांतले आकडे जुळतात का, हे एवढ्या ओळींत कळते:

```python
import re
DEV = str.maketrans("०१२३४५६७८९", "0123456789")
def nums(s):
    return sorted(re.findall(r"\d+(?:\.\d+)?", s.translate(DEV)))
def same(en, mr):
    return nums(en) == nums(mr)
```

‘थ्री लेयर’सारखे अक्षरी आकडे यातून खोट्या सूचना देतील, तेवढ्या हाताने पाहाव्या लागतात. आकडे जुळले तरी एक संदिग्धता उरतेच. ‘1 kg, Pack of 2’ म्हणजे एक किलोच्या दोन पिशव्या की अर्ध्या किलोच्या दोन? इंग्रजीतच हे धड नसते. भाषांतरात अंदाज बांधू नका. छायाचित्रातल्या वेष्टनावरचे निव्वळ वजन पाहा, तरी कळले नाही तर विक्रेत्याला विचारा. मग स्वच्छ लिहा: ‘1 किलोच्या 2 पिशव्या’.

एक शीर्षक जवळून

दिवाळीच्या तोंडावर भरपूर शोधली जाणारी वस्तू घेऊ.

```
Brass Kitchen Press Chakli Sev Maker with 7 Jali, Heavy Duty, 900 g, Gold, Pack of 1
```

यंत्राकडून असे काहीसे येते: ‘ब्रास किचन प्रेस चकली शेव निर्माता 7 जालीसह, भारी कर्तव्य, 900 ग्रॅम, सोने, 1 चा पॅक’.

वस्तू कोणती? ‘प्रेस’ आणि ‘मेकर’ हे दोन शब्द मिळून एकच वस्तू सांगतात आणि मराठीत तिचे नाव आहे सोऱ्या. ‘निर्माता’ म्हणजे बनवणारा माणूस किंवा कंपनी, त्यामुळे ‘मेकर’ असलेले प्रत्येक शीर्षक वेगळे काढून पाहा: कॉफी मेकर तसाच राहील, दही मेकर तसाच चालेल, पण चकलीच्या बाबतीत सोऱ्याच हवा.

मग ‘जाली’. हा हिंदी शब्द मूळ इंग्रजी शीर्षकातच बसला होता, यंत्राने तो तसाच ठेवला. सोऱ्यात बसतात त्या चकत्या. आता छायाचित्रात मोजा. सात चकत्या आहेत, की सहा चकत्या आणि सातवे झाकण? विक्रेते झाकणही मोजणीत धरतात, म्हणून हे मोजणे टाळू नये.

‘900 ग्रॅम’ काय आहे? सोऱ्याचे स्वतःचे वजन की त्यात मावणारे पीठ? मराठीत नुसते ‘900 ग्रॅम’ लिहिले की वाचणारा पिठाचा अंदाज करू शकतो. वजनाच्या रकान्यात 900 असेल तर ‘वजन 900 ग्रॅम’ लिहा.

‘भारी कर्तव्य’ काढून ‘दणकट’ लिहा. ‘जाड पत्र्याचा’ लिहू नका, कारण सोऱ्या ओतीव आहे की पत्र्याचा हे शीर्षकात कुठेच नाही.

आता ‘गोल्ड’. वस्तू पितळेची असेल तर तिचा रंग सोनेरीच असणार आणि रंगाचा दुसरा पर्याय विकायला नसेल तर शीर्षकात रंगाची गरजच नाही. पण साहित्याच्या रकान्यात ॲल्युमिनियम निघाले, तर कदाचित ‘ब्रास’ हा शब्दच रंगापुरता वापरलेला असेल. इथे शीर्षक सुधारून पुढे जाऊ नका. ते अडवून ठेवा आणि विक्रेत्याकडे पाठवा.

सगळे जुळल्यावर शीर्षक असे होईल: ‘पितळी सोऱ्या, चकली व शेवेसाठी, 7 चकत्यांसह, दणकट, वजन 900 ग्रॅम, 1 नग’.

दुसरी फेरी: लिंग आणि सामान्यरूप

बऱ्याच दुकानांत शीर्षक अखंड भाषांतरित होत नाही. साहित्य, रंग, वस्तू असे तुकडे वेगवेगळे भाषांतरित होतात आणि साच्यात बसवले जातात. इंग्रजीत विशेषण बदलत नाही, म्हणून तिथे हे चालते. मराठीत ‘ब्लू’चे ‘निळा’ झाले की डबा ठीक राहतो, पण बाटलीही ‘निळा’ होते आणि ताटही ‘निळा’ होते. हजारो ओळी हाताने दुरुस्त करण्यापेक्षा साचा बदला. रंग शीर्षकाच्या शेवटी न्या आणि ‘निळा रंग’, ‘हिरवा रंग’ असे लिहा. विशेषण आता ‘रंग’ या पुल्लिंगी शब्दाला लागते, त्यामुळे वस्तूचे लिंग काहीही असले तरी ते बरोबरच राहते. ‘Pack of 2’ साठी ‘2 नग’ हा साचाही असाच निर्धोक आहे.

साहित्याचे असे सोपे नाही. ‘साहित्य + चा + वस्तू’ असा साचा लावला की ‘तांबेचा बाटली’ तयार होते, म्हणजे सामान्यरूपही चुकले आणि लिंगही. इथे प्रत्येक साहित्याचे चारही रूपांसह छोटे कोष्टक करावे लागते: तांब्याचा, तांब्याची, तांब्याचे, तांब्याच्या, काचेचा, काचेची, काचेचे, काचेच्या, बिडाचा, बिडाची, बिडाचे, बिडाच्या. साहित्ये मोजकीच असतात, हे काम एका बैठकीत होते. वस्तूंच्या यादीत प्रत्येक नावापुढे लिंग आणि अनेकवचन लिहून ठेवले की साचा योग्य रूप उचलू शकतो. आणि ‘तांब्याचा तांब्या’ दिसला तर शब्द दोनदा आला म्हणून एक खोडून टाकू नका. पहिला धातू आहे, दुसरे भांडे.

शीर्षकात ‘स्टीलचं ताट’ की ‘स्टीलचे ताट’? बोलण्यात पहिले, छापील मराठीत दुसरे. शीर्षकांत दुसरे ठेवा. अनुस्वाराचे आणि एकाराचे रूप मिसळले तर एकच दुकान दोन माणसांनी लिहिल्यासारखे दिसते, आणि शोधातही दोन रूपे वेगळी धरली जाण्याचा धोका असतो.

दिसायला सारखी, आतून वेगळी अक्षरे

ही चूक डोळ्यांना दिसत नाही. ‘ॲल्युमिनियम’मधला ‘ॲ’ युनिकोडमध्ये एकच अक्षर आहे, U+0972. तेच अक्षर ‘अ’ला चंद्र लावूनही टाइप होते आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, पण युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरण त्यांना एक मानत नाही. ‘सोऱ्या’तल्या ‘ऱ्य’चेही तसेच: एक रूप U+0931 वापरते, दुसरे साधा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. गिऱ्हाइकाच्या कीबोर्डने एक रूप लिहिले आणि शीर्षकात दुसरे असेल, तर दुकानात सोऱ्या असूनही शोधात सापडत नाही. उपाय छोटा आहे:

```python
import re, unicodedata
def clean(s):
    s = unicodedata.normalize("NFC", s)
    s = re.sub("\u0905\u200d?\u0945", "\u0972", s)
    return re.sub("\u0930\u094d\u200d(?=[यह])", "\u0931\u094d", s)
```

हीच स्वच्छता गिऱ्हाइकाने शोधपेटीत लिहिलेल्या शब्दांवरही चालवायला हवी. एकाच बाजूला केली तर उपयोग नाही.

लांबीची मर्यादाही इथेच पाहा. गूगल मर्चंट सेंटरमध्ये शीर्षकाला १५० वर्णांची मर्यादा आहे. ‘सोऱ्या’ आपल्याला दोन अक्षरे वाटतात, संगणकाला ते सहा वर्ण असतात आणि यूटीएफ-८ मध्ये अठरा बाइट. दुकानाच्या डेटाबेसची मर्यादा बाइटमध्ये मोजलेली असेल, तर इंग्रजीत बसलेले शीर्षक मराठीत मध्येच तुटते आणि शेवटी एकटा हलन्त किंवा चौकोन लोंबतो. सर्वांत लांब पन्नास शीर्षके प्रत्यक्ष पानावर उघडून त्यांचे शेपूट पाहा.

गावोगावची नावे

कुरमुरे कुणासाठी चुरमुरे आहेत तर कुणासाठी मुरमुरे. नाचणी नाशिक-खानदेशकडे नागली होते. यातले कोणतेही चूक नाही. शीर्षकात एक नाव निवडा, बाकीची शोधशब्दांच्या वेगळ्या रकान्यात भरा. तिथेच रोमन लिपीतली रूपेही द्या, कारण मराठी बोलणारा माणूस मोबाइलवर बऱ्याचदा `chakli sorya` असेच टाइप करतो. ही सगळी नावे शीर्षकात कोंबली तर वस्तू काय आहे हे वाचायला वेळ लागतो. कोणते शब्द शोधून काहीच सापडले नाही, याची नोंद दुकानाच्या शोधयंत्रणेकडे असते. ती महिन्यातून एकदा मागून घ्या. संपादकाला घरबसल्या न सुचणारे शब्द तिथे मिळतात.

सुधारणा टिकवणे

चुकीच्या प्रकाराचा रकाना आता कामाला येतो. ढोबळ चार प्रकार पुरतात: वस्तुस्थिती, शब्द, व्याकरण, लेखन. एकाच शब्दाची चूक तीनदा दिसली की ओळ सुधारणे थांबवा आणि ती शब्दसूचीत किंवा साच्यात सुधारा. पुढच्या खेपेला प्रत्येक प्रकारच्या वस्तूंतली वीसेक शीर्षके उचलून पाहा. त्यात वस्तुस्थितीची एक जरी चूक निघाली तरी तो सबंध प्रकार परत तपासा. व्याकरणाच्या चुका असतील तर साचा तपासा.

शेवटची अडचण अशी की विक्रेता इंग्रजी शीर्षक बदलतो आणि यंत्रणा ते परत भाषांतरित करून संपादकाचे काम पुसून टाकते. ते होऊ नये म्हणून सुधारलेल्या शीर्षकाला कुलूप लावले जाते, पण मग विक्रेत्याने 900 ग्रॅमचे 750 केले तरी मराठीत 900 च राहते. दोन्ही टाळायचे तर सुधारलेल्या शीर्षकासोबत ते ज्या इंग्रजी शीर्षकावरून केले त्याची प्रत जपून ठेवा. इंग्रजी बदलले की मराठी शीर्षक आपोआप बदलू देऊ नका आणि तसेच चालूही ठेवू नका. ती ओळ संपादकाच्या तक्त्यात परत आणा. बदल आकड्यात, साहित्यात किंवा नगसंख्येत असेल तर ती सर्वांत वर आणा आणि तपासून होईपर्यंत मराठी पानावर मूळ इंग्रजी शीर्षक दाखवा.